सेल्सच्या ऑफरमधला मोठा आकडा आणि खात्यात पडणारा आकडा

सेल्सच्या नोकरीची ऑफर येते तेव्हा तिच्यात एक आकडा ठळक छापलेला असतो. त्याचं नाव ओटीई, म्हणजे ऑन-टार्गेट अर्निंग्ज. टार्गेट १०० टक्के पूर्ण केलंत तर वर्षाला एवढे मिळतील, इतकाच त्याचा अर्थ आहे. ‘तर’ या शब्दात सगळी मेख आहे. टार्गेट किती जण गाठतात, गाठलं नाही तर किती मिळतं आणि मिळायचं ते कधी मिळतं, याबद्दल तो आकडा काही सांगत नाही. हे तीन प्रश्न सही करण्याआधी कसे सोडवायचे ते इथे एका उदाहरणावर पाहू. उदाहरण कंपन्यांना सॉफ्टवेअर विकण्याच्या कामाचं आहे. चलन कोणतंही धरा, हिशेबाला फरक पडत नाही.

ऑफर अशी आहे: फिक्स ९ लाख, व्हेरिएबल ९ लाख, ओटीई १८ लाख. वर्षाचं टार्गेट ९० लाखांची विक्री, तिमाहीत विभागलेलं. पहिले तीन महिने टार्गेट नाही आणि त्या काळात दरमहा ७५ हजार ‘गॅरंटीड’ कमिशन. १०० टक्क्यांच्या वरच्या विक्रीवर दीडपट दर. वाचायला छान वाटते.

पायरी १: आकडा फोडून दर काढा

व्हेरिएबलला टार्गेटने भागा. ९ लाख भागिले ९० लाख, म्हणजे १० टक्के. विकलेल्या प्रत्येक १०० मागे तुमचे १०. हा दर ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा लिहिलेला नसतो, पण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा राहतो, म्हणून तो आधी काढून कागदावर वर लिहून ठेवा.

मग टार्गेटला ओटीईने भागा. ९० भागिले १८, म्हणजे ५ पट. सॉफ्टवेअर विक्रीत हे प्रमाण साधारण ४ ते ६ पट असतं, त्यामुळे वरवर पाहता इथे खटकण्यासारखं काही नाही. ९ किंवा १० पट निघालं, तर एक तर उत्पादन फार सहज विकलं जातं किंवा टार्गेट हवेत ठरवलंय. कमी नफ्याच्या मालाच्या विक्रीत हे प्रमाण याहून खूप मोठं असू शकतं, म्हणून एका धंद्याचा ठोकताळा दुसऱ्याला लावू नका. तसंही या भागाकारातून टार्गेट वाजवी आहे असं सिद्ध होत नाही. फार वेडंवाकडं असेल तेवढं लगेच दिसतं.

पायरी २: टार्गेट पैशांत नको, डीलमध्ये मोजा

९० लाख हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही. महिन्याला किती गिऱ्हाइकांची सही घ्यायची, ते मात्र येतं. त्यासाठी मुलाखतीत तीन गोष्टी विचारायच्या: मागच्या वर्षी डीलचा नेहमीचा आकार किती होता, किती पक्क्या लीडमागे एक डील लागते, आणि पहिल्या भेटीपासून सहीपर्यंत किती दिवस जातात. पक्की लीड म्हणजे ज्याला गरज आहे, ज्याच्याकडे पैसे आहेत आणि ज्याच्याशी निर्णय घेणाऱ्या पातळीवर एकदा तरी बोलणं झालंय असं गिऱ्हाईक. नुसता फोन नंबर मिळाला म्हणजे पक्की लीड झाली नाही. ही व्याख्या मुलाखतीत बोलून घ्या, कारण काही ठिकाणी वेबसाइटवर फॉर्म भरणारा प्रत्येक जण ‘लीड’ म्हणून मोजला जातो आणि मग पुढचे सगळे आकडे सुजतात.

आपल्या उदाहरणात उत्तरं अशी आली: नेहमीची डील ३ लाखांची, पाच पक्क्या लीडमागे एक सही, आणि वेळ चार महिने. आता मांडा. ९० लाखांसाठी वर्षाला ३० डील, म्हणजे महिन्याला अडीच. पाचात एक लागते, तर वर्षाला १५० पक्क्या लीड हव्यात, म्हणजे महिन्याला साडेबारा. प्रत्येक लीड चार महिने चालू राहिली तर एका वेळी ५० गिऱ्हाइकं हातात असतील. नाही म्हणणारे आधीच गळतात, म्हणून प्रत्यक्षात ३० ते ३५ धरा. तेवढ्या गिऱ्हाइकांना भेटी, डेमो, दरपत्रक, त्यांच्या वकिलांच्या शंका आणि ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’चा पाठपुरावा, हे सगळं एकट्याने सांभाळायचं. शक्य आहे, पण सैल अजिबात नाही.

इथून पुढचा प्रश्न टार्गेटच्या वास्तवाचा खरा कस लावतो: या १५० लीड येणार कुठून? मार्केटिंग आणि लीड शोधणारी टीम मिळून एका माणसाला महिन्याला किती देतात, ते विचारा. समजा उत्तर सहा आलं. वर्षाला ७२ झाल्या. उरलेल्या ७८ तुम्ही स्वतः उभ्या करायच्या, महिन्याला साडेसहा. अनोळखी कंपन्यांना फोन आणि मेल करून तेवढ्या पक्क्या लीड काढायच्या तर आठवड्यातले दीड-दोन दिवस त्यातच जातात. आणि तेच दिवस वरच्या ३०-३५ गिऱ्हाइकांनाही लागतात. टार्गेट बहुतेक वेळा इथेच फसतं. माणसाला विकता येत नाही असं नसतं, विकायला पुरेसं पाइपलाइनमध्ये नसतं.

आकार विचारताना ‘सरासरी’वर समाधान मानू नका. वर्षात ३० लाखांची एक डील झाली असेल तर ती एकटीच सरासरी वर ओढते. ‘मधल्या आकाराची डील किती?’ किंवा ‘मागच्या तिमाहीतल्या दहा डीलचे आकार सांगाल का, गिऱ्हाइकांची नावं नकोत’ असं विचारलं की चित्र साफ होतं. ज्या मॅनेजरला आपला धंदा माहीत आहे तो हे आकडे तोंडपाठ सांगतो. सांगायला कचरत असेल तर आकडे वाईट आहेत किंवा कोणी मोजतच नाही. दोन्ही तुमच्यासाठी सारखेच.

आणखी एक. तुम्हाला मिळणारी टेरिटरी, म्हणजे नेमून दिलेला भाग किंवा गिऱ्हाइकं, याआधी कोणाकडे होती आणि तो माणूस आता कुठे आहे? बढती मिळून वर गेला असेल तर उत्तम. गेल्या दीड वर्षात तिथे तीन जण बदलले असतील तर त्या टेरिटरीतली चांगली गिऱ्हाइकं बहुधा जुन्या लोकांच्या नावावर किंवा थेट कंपनीच्या खात्यावर गेलेली आहेत, आणि उरलंय ते तुमच्यासाठी. अशी वगळलेली गिऱ्हाइकं कोणती, याची यादी मागा.

पायरी ३: बाकीचे प्रत्यक्षात किती विकतात ते काढा

‘टीमची कामगिरी कशी आहे?’ असं विचारलं तर ‘मागच्या वर्षी आम्ही कंपनीचं टार्गेट पूर्ण केलं’ असं उत्तर मिळतं. ते खरं असू शकतं आणि तरी तुमच्या काही उपयोगाचं नसतं. कसं ते पाहा.

टीममध्ये दहा जण आहेत, प्रत्येकाला ९० लाखांचं टार्गेट. एकूण वाटलेलं टार्गेट ९ कोटी झालं. पण कंपनीने संचालक मंडळाला वर्षाला ७ कोटी २० लाखांचंच वचन दिलंय. वाटलेलं जास्त आणि हवं असलेलं कमी, ही मधली उशी कंपन्या मुद्दाम ठेवतात, कारण काही जण कमी पडणार आणि काही सोडून जाणार हे त्यांना माहीत असतं. नेहमी ती १०-२० टक्क्यांची असते, इथे जरा जाडच आहे. आता वर्षअखेर दहा जणांनी गाठलेली टक्केवारी अशी आली: २४०, १३०, ८५, ७०, ६५, ६०, ५०, ४५, ३०, २५.

बेरीज ८००, सरासरी ८०. नऊ कोटींचे ८० टक्के म्हणजे बरोबर ७ कोटी २० लाख. कंपनीचं टार्गेट १०० टक्के पूर्ण, वर्षअखेरचा जल्लोष, आणि टार्गेट गाठणारी माणसं दहात दोन. ओळीत मधोमध उभा असलेला माणूस ६० ते ६५ टक्क्यांवर आहे. तुम्ही नवीन आहात, तेव्हा हिशेबात स्वतःला त्या मधल्या माणसाच्या जागी धरा. मुलाखतीत मात्र तुमच्यासमोर २४० वाला उभा केला जातो. ‘आमच्या एकाने मागच्या वर्षी दुप्पट कमावले’ हे वाक्य त्याच्याबद्दलचं असतं, आणि अनेकदा त्याच्याकडे वर्षानुवर्षं वाढत आलेलं एक मोठं गिऱ्हाईक असतं. ते तुम्हाला मिळणार नसतं.

ही यादी सुद्धा पूर्ण नाही. तिच्यात वर्षअखेर टीममध्ये असलेलेच लोक आहेत. मार्चमध्ये १० टक्क्यांवर असताना सोडून गेलेला किंवा काढलेला माणूस यादीत येत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा: ‘मागच्या वर्षी जानेवारीत टीममध्ये किती जण होते? त्यातले आज किती आहेत? पूर्ण टार्गेट असलेल्यांपैकी किती जणांनी १०० टक्के गाठलं आणि मधला माणूस किती टक्क्यांवर होता?’ हा प्रश्न तीन जणांना वेगवेगळा विचारा. होणाऱ्या मॅनेजरला, टीममधल्या एखाद्याला, आणि जमलं तर गेल्या वर्षात सोडून गेलेल्याला. शेवटचा माणूस कडवट असू शकतो, म्हणून त्याला मत विचारू नका. ‘तुमच्या वेळी किती जण गाठायचे?’ एवढंच विचारा. तिघांचे आकडे जवळपास आले तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

किती असलं म्हणजे बरं? टार्गेट नीट बसवलेलं असेल तर निम्म्याहून जास्त लोक ते गाठतात. दहात सहा-सात हे चांगल्या टीमचं लक्षण मानतात. चार-पाच असतील तर ऑफर टाकायला नको, पण हिशेब ६० टक्क्यांवर करायचा. दोन असतील तर ओटीई हा शब्द विसरून फक्त फिक्स पगारावर ही नोकरी चालेल का, एवढाच विचार करा. दहाच्या दहा गाठत असतील तर पुढच्या वर्षी टार्गेट वाढणार, हे गृहीत धरा.

पायरी ४: कमी पडलात तर काय, ते कमिशन प्लॅनमध्ये शोधा

ऑफर लेटर आणि कमिशन प्लॅन हे दोन वेगळे कागद असतात. पहिला दोन पानी आणि गोड, दुसरा लांबलचक. सही करण्याआधी दुसरा मागा. ‘रुजू झाल्यावर देतो’ हे उत्तर मान्य करू नका.

त्यात सगळ्यात आधी थ्रेशोल्ड शोधा, म्हणजे कमिशन सुरू होण्याची किमान पातळी. आपल्या उदाहरणात आठव्या पानावर अशी ओळ सापडली: तिमाहीच्या टार्गेटच्या ५० टक्क्यांखाली विक्री झाल्यास त्या तिमाहीचं कमिशन देय नाही. तिमाहीचं टार्गेट साडेबावीस लाख, म्हणजे सव्वाअकरा लाखांच्या आत विकलंत तर हाती शून्य. ११ लाख विकणाऱ्याला काही नाही आणि १२ लाख विकणाऱ्याला १ लाख २० हजार, असा हा कडा आहे. पुढचा शब्द त्याहून महत्त्वाचा: मोजणी तिमाहीपुरती होते की वर्षाच्या सुरुवातीपासून एकत्रित? एकत्रित असेल तर एका तिमाहीत बुडालेलं कमिशन पुढच्या तिमाहीत सावरतं. तिमाहीपुरती असेल तर गेलं ते गेलं. याचा फरक खाली हिशेबात दिसेल.

वरच्या बाजूचे नियम, म्हणजे १०० टक्क्यांनंतरचा दीडपट दर, ज्याला ॲक्सलरेटर म्हणतात, ते मुलाखतीत फार रंगवून सांगितले जातात. १३० टक्के गाठणाऱ्याला त्याने खरोखर फायदा होतो: पहिल्या ९० लाखांवर ९ लाख आणि वरच्या २७ लाखांवर १५ टक्क्यांनी ४ लाख ५ हजार. पण दहातल्या आठ जणांना ती पातळी कधी दिसलीच नाही. त्यांच्यासाठी ॲक्सलरेटर म्हणजे कागदावरची शोभा. वर कॅप, म्हणजे कमाईची कमाल मर्यादा आहे का आणि फार मोठ्या डीलचं कमिशन कंपनी ‘पुनर्विचारासाठी’ रोखू शकते का, एवढं पाहा आणि पुढे चला.

पायरी ५: पैसे सही झाल्यापासून किती दिवसांनी येतात

डीलवर सही झाली की कमिशन झालं, असं नवख्याला वाटतं. प्लॅनमध्ये मात्र कमिशन ‘कमावलं’ कधी आणि ‘देय’ कधी, हे दोन वेगळे दिवस असतात. सहीच्या दिवशी, बिल पाठवल्यावर, गिऱ्हाइकाने पैसे भरल्यावर किंवा उत्पादन प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, यातली कोणतीही कळ असू शकते. सहीवर देणारी कंपनी उधारीची जोखीम स्वतः घेते. पैसे जमा झाल्यावर देणारी ती तुमच्याकडे ढकलते.

आपल्या उदाहरणातला नियम: सहीची तारीख ज्या तिमाहीत, त्या तिमाहीच्या टार्गेटमध्ये ती विक्री मोजायची. कमिशन मात्र गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाल्यावरच. जमा ज्या तिमाहीत झाले ती संपल्यावर हिशेब होतो आणि पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पगारासोबत रक्कम मिळते. सहीनंतर सॉफ्टवेअर बसवायला तीन आठवडे लागतात, मग बिल निघतं, आणि गिऱ्हाइकाला ४५ दिवसांची मुदत आहे.

तीन डील या नियमातून चालवून पाहा. पहिलीची सही ६ जुलैला. बिल २७ जुलैला, पैसे १० सप्टेंबरला, कमिशन ३१ ऑक्टोबरला. जवळजवळ चार महिने. दुसरीची सही २४ जुलैला. बिल १४ ऑगस्टला, पैसे २८ सप्टेंबरला. तिमाही संपायला दोन दिवस असताना जमा झाले, म्हणून हेही ३१ ऑक्टोबरला. पण त्या गिऱ्हाइकाने आठवडाभर उशीर केला असता आणि पैसे ५ ऑक्टोबरला आले असते, तर तुमचं कमिशन थेट ३१ जानेवारीवर गेलं असतं. गिऱ्हाइकाचा एक आठवडा आणि तुमचे तीन महिने. तिसरीची सही १२ ऑगस्टला, बिल २ सप्टेंबरला, पैसे १७ ऑक्टोबरला, कमिशन ३१ जानेवारीला. साडेपाच महिन्यांहून जास्त.

हे टाळायचं असेल तर ‘हिशेब तिमाहीऐवजी दर महिन्याला होऊ शकतो का?’ हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. नियम सगळ्या टीमला सारखा असतो, त्यामुळे एकट्यासाठी बदलणं अवघड, पण उत्तरातून निदान कंपनीचा रोख कळतो.

याच पानांवर आणखी दोन कलमं असतात. एक क्लॉबॅक: गिऱ्हाइकाने ठरावीक काळात, बहुधा सहा ते बारा महिन्यांत, करार मोडला तर दिलेलं कमिशन परत कापून घेतात. हे अनेक ठिकाणी असतं. काळ किती आणि गिऱ्हाईक कंपनीच्या चुकीने गेलं तरी कापतात का, तेवढं पाहा. दुसरं कलम जास्त महागात पडतं: ‘रक्कम अदा करण्याच्या दिवशी कर्मचारी सेवेत असणे आवश्यक.’ म्हणजे तुम्ही नोकरी सोडली, किंवा काढलं गेलं, तर सही झालेल्या पण अजून न मिळालेल्या सगळ्या डीलचं कमिशन बुडालं. असं कलम चालतं की नाही हे जागोजागच्या कायद्यावर असतं, पण भांडून मिळवण्यापेक्षा सहीआधी माहीत असलेलं बरं.

पायरी ६: पहिलं वर्ष महिन्यागणिक मांडा

आता सगळं एका कागदावर. तुम्ही १ जानेवारीला रुजू झालात. उत्पादन शिकायला महिना जातो, सहीला चार महिने लागतात, म्हणून एप्रिलपर्यंत शून्य. मे एक डील, जून एक, मग जुलै ते नोव्हेंबर दरमहा दोन, डिसेंबरमध्ये तीन. एकूण १५ डील, ४५ लाख. टार्गेट एप्रिलपासून लागू, म्हणजे नऊ महिन्यांचं साडेसदुसष्ट लाख. त्याच्या ६७ टक्के. वरच्या यादीतल्या मधल्या माणसाच्या थोडं पुढे, तेही नवखे असताना.

दुसऱ्या तिमाहीत तुमची विक्री ६ लाख, साडेबावीसच्या २७ टक्के. थ्रेशोल्डखाली, म्हणून या दोन डीलचं ६० हजार कमिशन गेलं. तिसऱ्या तिमाहीत १८ लाख, ८० टक्के. चौथीत २१ लाख, ९३ टक्के. मान्य झालेलं कमिशन ३९ लाखांवर, ३ लाख ९० हजार. (मोजणी एकत्रित असती तर सप्टेंबरअखेर २४ लाख भागिले ४५ लाख, ५३ टक्के झाले असते आणि ते ६० हजार परत मिळाले असते.)

खात्यात किती आले? पहिल्या तीन महिन्यांची ‘गॅरंटी’ २ लाख २५ हजार आली. पण प्लॅनमध्ये तिचं नाव ‘रिकव्हरेबल ड्रॉ’ आहे. रिकव्हरेबल म्हणजे पुढच्या कमिशनमधून वसूल होणारी उचल. ऑक्टोबरच्या शेवटी जुलैच्या दोन डीलचे ६० हजार देय झाले, ते सगळे उचलीत वळते झाले. हातात काही नाही, आणि १ लाख ६५ हजार अजून बाकी. म्हणजे डिसेंबरअखेर फिक्सचे ९ लाख आणि उचलीचे सव्वादोन, एकूण ११ लाख २५ हजार. ३१ जानेवारीला ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सहा डीलचं १ लाख ८० हजार कमिशन देय होतं, त्यातून उरलेली उचल कापून हाती पडतात १५ हजार. रुजू झाल्यावर तेरा महिन्यांनी मिळालेलं हे पहिलं खरं कमिशन. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पाच डीलचं दीड लाख एप्रिलअखेर येईल.

थोडक्यात, पहिल्या वर्षाच्या कामाचे एकूण १२ लाख ९० हजार, आणि तेही सोळा महिन्यांत पसरलेले. ऑफरवर १८ छापलं होतं. दुसऱ्या वर्षी २० डील केल्यात आणि एकही तिमाही थ्रेशोल्डखाली गेली नाही, तर साधारण १५ लाख. आता दुसऱ्या कंपनीची १२ लाख फिक्स आणि ४ लाख व्हेरिएबलची ‘लहान’ ऑफर याच कागदावर शेजारी मांडा. तिचा ओटीई १६ आहे, पण पहिल्या डिसेंबरअखेर एकही डील झाली नाही तरी तिच्यात १२ लाख हातात असतात.

मागायचं काय

दर आणि टार्गेट एका माणसासाठी सहसा बदलत नाहीत. सुरुवातीच्या काळाचे नियम मात्र बदलतात, आणि वरच्या हिशेबात नुकसान तिथेच झालंय. तीन महिन्यांची सूट आणि चार महिन्यांची विक्री, हा मेळच बसत नाही. शिकण्याचा एक महिना आणि सहीचे चार, म्हणून पहिले पाच-सहा महिने टार्गेट कमी हवं. एप्रिल-जूनचं टार्गेट निम्मं करून घेतलंत तर ते सव्वाअकरा लाख होतं, तुमचे ६ लाख ५३ टक्क्यांवर जातात, आणि बुडालेले ६० हजार वाचतात. एका ओळीचा बदल आहे, मॅनेजरला सहसा मान्य करता येतो.

दुसरी मागणी, ड्रॉ नॉन-रिकव्हरेबल करण्याची. म्हणजे ते सव्वादोन लाख तुमचेच, पुढे कापणार नाहीत. पूर्ण मिळालं नाही तर निम्म्यासाठी प्रयत्न करा. आणि रिकव्हरेबल राहणारच असेल तर सोडून जाताना शिल्लक उचल परत मागणार का, ते विचारून घ्या.

जे ठरेल ते ऑफर लेटरमध्ये किंवा निदान मेलवर घ्या. प्लॅनमध्ये जवळजवळ नेहमी ‘कंपनी हा प्लॅन कधीही बदलू शकते’ असं एक कलम असतं. ते काढून मिळत नाही. पण बदल आधीच सही झालेल्या डीलना लागू होणार नाही, असं लिहून मागता येतं. फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका: ‘आज ठरल्याप्रमाणे एप्रिल ते जून टार्गेट सव्वाअकरा लाख आणि ड्रॉ नॉन-रिकव्हरेबल, असं मी समजतो. चूक असेल तर कळवा.’ आणि ‘या वर्षीचा प्लॅन अजून तयार व्हायचाय’ असं सांगितलं, तर मागच्या वर्षीचा मागा. तोही मिळत नसेल तर व्हेरिएबलच्या जागी शून्य लिहून वरचा कागद पुन्हा मांडा.